चार चौकोन आणि अब्बांची वही

राजूरला आमचं छोटं मेडिकल आहे. अब्बांनी सुरू केलं, आता भाईजान चालवतात. नोंदणीकृत फार्मासिस्ट तेच, झाडू मारणारेही तेच. गावात चुनाभट्ट्यांचे मजूर आहेत, आजूबाजूच्या वेकोलि खाणींत जाणारे कामगार आहेत आणि ऑटोत बसलं की थोड्याच वेळात वणी येते. वणीत मोठी दुकानं, मोठी सूट.

मागच्या वर्षी भाईजान म्हणाले, "वणीत नोकरी मिळते आहे. पगार ठरलेला. दुकान बंद करावं म्हणतो."

मी वाणिज्य शिकवणारा माणूस. म्हटलं, थांबा, आधी स्वॉट करू. म्हणजे बलस्थानं, उणिवा, संधी आणि धोके यांचे चार चौकोन. एका रविवारी ड्रॉइंग शीटवर मी ते सुबक भरले. बलस्थानं: मोहल्ल्याचा भरवसा, जुनी गिऱ्हाइकं. उणिवा: उधारी, मुदतबाह्य माल, जुना फ्रिज. संधी: शुगर-बीपीचे वाढते रुग्ण. धोके: वणी, ऑनलाइन औषधं, उन्हाळा. भाईजाननी तो कागद परवान्याच्या शेजारी टांगला.

तीन महिन्यांनी गेलो तर कागद तिथेच होता. त्यावर धूळ बसली होती आणि दुकानात काहीही बदललं नव्हतं. मला शरम वाटली. वर्गात मी पोरांना हेच शिकवतो आणि ती हेच लिहून गुण मिळवतात.

चूक कुठे झाली ते त्या रात्री दुकानातच कळलं. माझा पुतण्या डी. फार्म. करतो. त्याने विचारलं, "चाचा, 'उधारी' उणिवेत लिहिलीत. पण मोहल्ल्याचा भरवसा आहे तो उधारीमुळेच ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. यादीतल्या एकाही शब्दामागे आम्ही वही उघडून पाहिली नव्हती.

मग अब्बांची उधारीची वही काढली. पुतण्याने प्रत्येक खात्यापुढे दोनच गोष्टी लिहिल्या: बाकी किती, आणि शेवटचे पैसे कधी आले. बत्तीस खाती निघाली. त्यातली पंचवीस महिन्या-दीड महिन्यात, पगार झाला की चुकती होत होती. उरलेल्या सात खात्यांत सहा महिने एक रुपया आला नव्हता आणि एकूण बाकीतला निम्म्याहून जास्त पैसा त्या सातांतच अडकला होता. म्हणजे पुतण्या बरोबर होता. पंचवीस घरांची उधारी हे आमचं बलस्थान होतं आणि सात घरांची उधारी ही उणीव. मी दोन्ही एका शब्दात कोंबली होती.

दुसरी गोष्ट, चौकोन एकमेकांशी जोडलेले नव्हते. हाइन्झ वाइरिख या प्राध्यापकांनी १९८२ साली याचसाठी स्वॉट उलटं करून 'टोज' मांडणी दिली होती. बलस्थान संधीशी जोडा, बलस्थान धोक्याशी, उणीव संधीशी, उणीव धोक्याशी, आणि प्रत्येक जोडीतून एक काम काढा. आम्ही ठरवलं की चार जोड्यांतून चारच कामं काढायची. प्रत्येक कामापुढे माणूस, तारीख आणि काम झालं की नाही हे कशावरून ओळखायचं, ते लिहायचं.

पहिली जोडी बलस्थान आणि संधीची. भाईजानना कोणाला कोणती गोळी चालू आहे ते तोंडपाठ आहे, आणि रमजान दरवर्षी सांगून येतो. रोजा धरणाऱ्या शुगरच्या रुग्णांत काही जण ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतात, काही इन्सुलिन. यांनी साखर एकदम खाली जाऊ शकते. वेळ आणि मात्रा बदलण्याचा अधिकार डॉक्टरांचा. दुकानदाराने तो सल्ला देऊ नये. पण आठवण तर देता येते. डॉक्टरांना रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी भेटावं असा वैद्यकीय सल्ला असतो. म्हणून रजब लागला की भाईजाननी अशा प्रत्येकाला काउंटरवरच सांगायचं: डॉक्टरांना विचारा, रोजा जमेल का, गोळी कधी घ्यायची. आणि हेही सांगायचं की घाम, थरथर सुटली तर साखर तपासा; ७० च्या खाली असेल तर रोजा सोडावा लागतो. यादीत एकोणीस नावं होती. रमजानआधी त्यातले चौदा जण नवी चिठ्ठी घेऊन आले आणि त्यांचा माल आधीच मागवून ठेवता आला.

दुसरी जोडी उणीव आणि संधीची. मुदतबाह्य माल का साठतो ते खरेदीच्या बिलांत दिसलं. 'दहावर एक फुकट' अशी स्कीम आली की भाईजान अकरा पट्ट्या घेत. त्यातल्या दोन कपाटातच संपल्या तर फुकटची गेलीच, वर विकतचीही एक गेली. सरकारने किंमत बांधून दिलेल्या औषधांवर २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे विक्रेत्याचं मार्जिन खरेदीदराच्या १६ टक्के धरलेलं आहे. म्हणजे शंभर रुपयांची एक पट्टी वाया गेली तर तेवढे पैसे परत मिळवायला तशाच सहाहून अधिक पट्ट्या विकाव्या लागतात. इथे पुतण्याने दुसरी चूक पकडली. वणी आम्ही फक्त धोक्यात लिहिली होती. पण ठोक विक्रेतेही वणीतच आहेत, सकाळी सांगितलं की संध्याकाळी माल येतो. मग कपाट भरून ठेवायचं कशाला? ठरलं असं की तीन महिन्यांत न खपलेलं औषध कोणी चिठ्ठी आणल्याशिवाय मागवायचं नाही, स्कीम आली तरी. दर महिन्याच्या एक तारखेला पुतण्याने एक कपाट तपासायचं आणि सहा महिन्यांत मुदत संपणारा माल पुढच्या लाल डब्यात ठेवायचा. कोणता विक्रेता किती दिवस आधीपर्यंत माल परत घेतो ते डब्यावरच लिहायचं. पहिल्याच महिन्यात एका विक्रेत्याने उशीर झाला म्हणून माल नाकारला, तेव्हा त्या ओळीची किंमत कळली.

तिसरी जोडी उणीव आणि धोक्याची. जुना फ्रिज आणि मे महिन्यातलं विदर्भाचं ऊन. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहावं लागतं. बर्फाच्या कप्प्याला टेकून गोठलं तर ते फेकायचंच, कारण बिघाड डोळ्यांना दिसेलच असं नाही. नव्या फ्रिजला पैसे नव्हते. म्हणून एक थर्मामीटर आणला. भाईजान सकाळी उघडताना आणि रात्री बंद करताना आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितात. एप्रिल ते जून फक्त नाव नोंदवलेल्या रुग्णांचंच इन्सुलिन ठेवायचं. मे महिन्यात एकदा सकाळी आकडा १४ निघाला, रात्रभर वीज नव्हती. त्या दिवशी फ्रिजमध्ये तीनच कुप्या होत्या. त्या विकल्या नाहीत. आधीसारखा साठा असता तर तीसभर कुप्या गेल्या असत्या, किंवा त्याहून वाईट म्हणजे कळलंच नसतं.

चौथी जोडी बलस्थान आणि धोक्याची. उधारीचा भरवसा एका बाजूला, वणीची आणि मोबाइलवरची सूट दुसऱ्या बाजूला. सुटीत आम्ही हरणार हे उघड होतं. चिठ्ठीवरच्या शेड्यूल एच औषधाऐवजी दुसऱ्या कंपनीचं स्वस्त औषध आपल्या मनाने द्यायला नियम परवानगी देत नाहीत. पण पगाराच्या तारखेपर्यंत थांबणं मोबाइलला जमत नाही. म्हणून त्या पंचवीस खात्यांना महिन्याची औषधं उधार, एक मर्यादा आणि पैसे देण्याची तारीख ठरवून.

राहिले ते सात. त्यावर आम्ही दोघे भाऊ भांडलो. मी म्हणालो, बंद करा. भाईजान म्हणाले, "अब्बांनी कोणाला रिकाम्या हाताने पाठवलं नाही." शेवटी सातही नावं एकेक करून बोललो. चार घरं अशी होती की रोखीची खरेदी वणीत आणि उधारीची आमच्याकडे. त्यांना यापुढे रोख. तिघं खरंच देऊ शकत नव्हती; त्यात एक विधवा बाई, दम्याचा पंप लागणारी. त्यांची औषधं दुकानाच्या हिशेबातून काढून घरच्या सदक्यात टाकली, दरमहा ठरलेल्या रकमेपर्यंत, निम्मी मी देतो. त्यामुळे दुकानाची वही खरं बोलू लागली आणि त्यांचा पंपही थांबला नाही.

हे फुकट झालं नाही. चारातल्या एका शेजाऱ्याने मशिदीत सलाम घेणं सोडलं. भाईजानना ते अजून टोचतं. आणि आमचं पाचवं काम, जे मी हट्टाने नंतर घुसवलं, ते पडलं: पाळीवर जाणाऱ्या कामगारांची औषधं आधीच बांधून ठेवायची. एका महिन्यात दहा पुडे बांधले, तीनच नेले. पुढे कोणाचं नाव नव्हतं, तारीख नव्हती. मला छान वाटलं म्हणून लिहिलेलं होतं. ते खोडलं.

दुकान वाचलं असं मी म्हणणार नाही. वर्षभरात मुदतबाह्य मालाचा डबा अर्ध्याहून खाली आला, सातांची अडकलेली रक्कम वाढायची थांबली आणि ठोक विक्रेत्याला ठरल्या दिवशी पैसे जातात. वणीतल्या नोकरीला भाईजाननी एक वर्षानंतर बघू असं कळवलं आहे. पुतण्याची नोंदणी होईल तेव्हा पुन्हा बसू.

माझा ड्रॉइंग शीट आता भिंतीवर नाही. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला पुतण्याने चार कामांचा तक्ता केला आणि दर एक तारखेला त्यावर खूण होते. अब्बांची वही मात्र चालूच आहे. कुरआनात सूरह बकरामध्ये देणं-घेणं लिहून ठेवा, मुदत ठरवा असं सांगितलं आहे. अब्बांनी आयुष्यभर लिहिलं, पण मुदत कधी लिहिली नाही. त्यांना ते मागणं वाटायचं. आता वहीत नाव आणि रक्कम यांच्या पुढे तिसरा रकाना आहे. भाईजान तो भरताना गिऱ्हाइकालाच विचारतात, "कोणती तारीख लिहू?"