अब्बांचा चष्मा

शाळेच्या मुलांसोबत पाच मिनिटांची फिल्म आमच्या धाराशिवच्या घरातच केली. बैठकीची खोली १० बाय १२ फुटांची. प्रसंग साधा: मुलगी अब्बांना सांगते, मला पुण्याला शिकायला जायचंय.

पहिल्या दिवशी दोघांना समोरासमोर उभं केलं. स्नेहसंमेलनाची सवय, दुसरं काय! मोबाइल सात वेळा हलवला, दुपार संपली, आणि दोघं खांबासारखे दिसले.

दुसऱ्या दिवशी मोबाइल दाराच्या कोपऱ्यात स्टँडवर बसवला आणि माणसं हलवली. अब्बा पलंगावर. मुलगी आतून चहा आणते, तेव्हा दोघं पूर्ण दिसतात. कप ठेवायला ती वाकते, चेहरे जवळ येतात. तिचं बोलणं ऐकून अब्बा उठतात, कॅमेऱ्याकडे येतात आणि कोनाड्यात चष्मा शोधू लागतात. आता त्यांचा चेहरा मोठा, मुलगी मागे, त्यांच्या पाठीशी. कॅमेरा हलला नाही, चौकटी मात्र तीन झाल्या.

चष्मा नसता तर अब्बा 'सरांनी सांगितलं म्हणून उठले' असं लगेच दिसलं असतं. ते थांबतील तिथे फरशीवर खडूची खूण केली, कारण ती चुकली की चेहरा चौकटीबाहेर.

मग कप ठेवतानाचा मुलीचा एक जवळचा शॉट वेगळा घेतला. तेव्हा दोघांच्या नजरेच्या रेषेची बाजू बदलली नाही. बदलली असती, तर दोघं एकाच दिशेला बघतायत असं वाटलं असतं.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) कॅमेरा असाच दूर, बराच वेळ स्थिर असतो. आता मी तो माणसांच्या हालचालींसाठी पुन्हा बघतोय.