वहीचा भाव

वाणिज्य महाविद्यालयात विपणनशास्त्र शिकविण्याच्या व्यवसायात मला आता बरीच वर्षे झाली असली, तरी ‘स्पर्धक-विश्लेषण’ या प्रकरणाला आरंभ करताना मी अमेरिकन कंपन्यांची छापील उदाहरणे बाजूला ठेवते आणि सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, शाळेच्या वाटेवर असलेल्या, दहा फूट रुंदीच्या एका लेखनसाहित्याच्या दुकानाची हकीकत सांगते. ते दुकान माझ्या वडिलांचे, अण्णांचे, आणि त्या हकीकतीत चुका करणारी विद्यार्थिनी मीच.

2013 सालच्या जूनमध्ये आमच्या समोरच एक मोठे, काचेच्या दर्शनी भागाचे दुकान उघडले, आणि दोनशे पानी मोठ्या वहीचा भाव त्याने तीस रुपये लावला. छापील किंमत चाळीस होती. पुण्याच्या बोहरी आळीतून आणलेली ती वही अण्णांना सव्वीसला पडे आणि ते ती अडतीसला विकीत. आदल्या वर्षी जूनमध्ये सहाशे वह्या गेल्या होत्या. त्या वर्षी रोजकीर्दीत चारशे दहाच निघाल्या. गावभर एकच बोलवा झाला, की समोरचा स्वस्त देतो.

त्याच वर्षी पदवीच्या अखेरच्या सत्रात आम्हांस मायकेल पोर्टर यांची 1980 साली प्रसिद्ध झालेली मांडणी अभ्यासाला होती. प्रतिस्पर्ध्याची उद्दिष्टे, त्याचे चालू धोरण, त्याची गृहीतके आणि त्याचे सामर्थ्य अशा चार अंगांनी त्याचा विचार करावा, असे ती सांगते. धोरणाची आणि सामर्थ्याची कल्पना बाहेरून पाहून येते. उद्दिष्टे आणि गृहीतके मात्र दिसत नाहीत, ती अनुमानाने काढावी लागतात, आणि नवशिका नेमका तेथेच घसरतो. मी तर तिथवर पोहोचलेच नाही. सरळ भावांचा तक्ता करावयास बसले.

तीस जिनसांची फेरिस्त करून मी समोरच्या दुकानी गेले. दोन खोडरबर घेतले आणि कंपासपेटीपासून खाकी कागदाच्या गुंडाळीपर्यंत सर्वांचे भाव सहज म्हणून विचारू लागले. दुकानदारांनी मला ओळखले नसते तरच नवल. ते हसून म्हणाले, “काय गं, भाव लिहायला आलीस? लिही. अण्णांना सांग, वहीत मलाही काही सुटत नाही.” घरी हे कळल्यावर अण्णा संतापले. “दुसऱ्याच्या दुकानात चोरून भाव बघायचे, हे तुम्हांला कॉलेजात शिकवतात का?” असे त्यांनी विचारले, आणि मजजवळ उत्तर नव्हते. पुढे मी विद्यार्थ्यांना पहिला नियम घालून दिला तो हाच : गिऱ्हाईक म्हणून उघडपणे जे दिसते तेवढेच टिपावे, आणि विचारले तर खरे सांगावे.

तक्ता पुरा झाला तेव्हा मी चक्रावून गेले. तीसपैकी सातच जिनसांत ते स्वस्त होते. अकरांत भाव सारखा होता, आणि बारा जिनसा आमच्याकडे स्वस्त होत्या. मग लोक त्यांना स्वस्त का म्हणत? दुकानात येणाऱ्यांना मी विचारू लागले, की कोणत्या वस्तूचा भाव तुम्हांस पाठ आहे. बहुतेकांना वहीचा आणि साध्या बॉलपेनचा ठाऊक होता. कर्कटक, लेबले, चित्रकलेची वही, रंगपेटी यांचा भाव कोणाच्याच ध्यानात नव्हता. जे भाव स्मरणात राहतात, त्यांवरून सबंध दुकानाची पारख होते, हे त्या दुकानदारांचे गृहीतक होते, आणि ते बरोबर होते. वहीत सोडलेला नफा ते न लक्षात राहणाऱ्या जिनसांत वसूल करीत होते. “मलाही काही सुटत नाही” या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लागला.

तरीही तक्त्यावरून ‘आपणच स्वस्त’ असा निष्कर्ष काढणे ही दुसरी चूक ठरली असती. कारण गिऱ्हाईक तीस जिनसा एकेक करून घेत नाही, ते यादी घेऊन येते. जूनच्या नेहमीच्या यादीचा हिशेब मांडला, तेव्हा डझनभर वह्यांत ते आमच्याहून शहाण्णव रुपयांनी स्वस्त आणि बाकीच्या सामानात एकाहत्तर रुपयांनी महाग निघाले. म्हणजे एकंदरीत पंचवीस रुपयांनी खरोखरच स्वस्त. उलट दोन तक्ते-कागद, एक कार्डशीट, डिंक, स्केचपेने आणि चार सुटे आलेख-कागद अशी शाळेच्या प्रकल्पाची यादी घेतली, तर आम्ही बावीस रुपयांनी स्वस्त होतो. जून त्यांचा, पुढचे महिने आमचे, असा तो निवाडा होता. आणि वर्षभराला एकच भाव-तक्ता लावल्याने तो झाकला गेला होता.

वहीचा भाव तिसावर आणावा, असे माझ्या मनात आले होते. अण्णांनी तोंडीच हिशेब सांगितला : बारा रुपये सुटत होते तिथे चारच सुटणार, म्हणजे चारशे दहा वह्यांचा नफा राखायला बाराशे तीस वह्या विकल्या पाहिजेत. एवढे गिऱ्हाईक होते कोठे? ते शोधण्यासाठी मी आमच्या आळीतील शाळकरी मुलांच्या सव्वीस घरी गेले. सहा घरांनी वह्या आमच्याकडून घेतल्या होत्या, आठांनी समोरून, आणि बारांनी थेट शाळेतून, शाळेचे नाव छापलेल्या. दुकानात बसून गिऱ्हाइके मोजणाऱ्याला ही बारा घरे कधीच दिसली नसती. कारण जो येतच नाही, त्याची नोंद गल्ल्यात होत नाही. ज्याच्याशी आम्ही झुंजत होतो, त्याच्याहून मोठा स्पर्धक आमच्या फेरिस्तीत नव्हताच.

मग एका कोऱ्या वहीवर मी ‘नाही’ असे नाव घातले, आणि जे मागितले गेले व मिळाले नाही, ते तारीख-वेळेसह तीत लिहावयाची तजवीज केली. तीन आठवड्यांत दिसून आले, की अधिक नोंदी रात्री आठनंतरच्या होत्या. समोरचे दुकान आठला बंद होई. शिवाय ते सुटा कागद देत नसे. पावणेनऊला धापा टाकीत आलेला सहावीतला मुलगा उद्याच्या प्रकल्पासाठी रंगीत घोटीव कागद मागे, आणि आमच्याकडे तो संपलेला असे.

ठरले ते असे : डझनाने घेणाऱ्यास वही चौतीस रुपयांनी, एकेरी वही पूर्ववत, सुटे कागद भरपूर, आणि दुकान साडेनऊपर्यंत उघडे. पुढच्या जूनमध्ये पाचशे साठ वह्या गेल्या, बहुतेक डझनानेच. म्हणजे नफा सुमारे साडेचार हजार. आदल्या जूनचा, कमी वह्यांचा नफा चार हजार नऊशे वीस होता. वहीच्या खात्यावर पाहिले तर आम्ही हरलो होतो. पण वह्यांबरोबर खाकी कागद, लेबले, कंपासपेटी जाऊ लागली, आणि जुलै ते जानेवारीच्या सुट्या मालाने ती तूट भरून काढली. यात श्रेय विश्लेषणाचे किती, हे मला निश्चित सांगता येत नाही. त्याच वर्षी आमच्या वरच्या मजल्यावर शिकवणीचा वर्ग सुरू झाला होता, आणि त्याची मुले जिना उतरली की आमच्याच दारात येत.

‘नाही’ची वही अण्णा अजून लिहितात. गेल्या जूनमध्ये गावी गेले तेव्हा ती चाळली. त्यांच्या वळणदार अक्षरांत एकच नोंद पानभर पुन्हापुन्हा आली होती : ‘शाळेच्या नावाची वही.’ त्या नोंदीवर आम्हां दोघांकडेही अद्याप तोड नाही.