पोळीतला ळ

मोदक हा नशीबवान शब्द आहे. रोमन लिपीत तो modak असा पाच अक्षरांत मावतो आणि जवळजवळ अख्खा मावतो. त्यात ळ नाही, ण नाही, महाप्राण व्यंजन नाही. लंडनचा माणूस त्याला ‘मोडॅक’ म्हणेल, पण त्याच्या पानात मोदकच पडेल. संस्कृताच्या अंगाने लिहिणारे modaka लिहितात, कारण संस्कृतात शेवटचा अ उच्चारतात. मराठीत तो गळतो, म्हणून घरच्या मोदकाला तो जादा a लावायचं कारण नाही. गणपतीवरचा इंग्रजी लेख वाचताना या एका अक्षरावरून मला अंदाज येतो, की लिहिणारा पोथीकडून आला आहे की स्वयंपाकघरातून.

पुरणपोळीचं नशीब असं नाही. puran poli लिहिलं की ण गेला, ळ गेला, आणि पोळीतला ळ गेला म्हणजे तिचा आवाजच गेला.

पदार्थांच्या अशा रोमन नावांशी माझी ओळख फराळाच्या पार्सलावर झाली. दिवाळीआधी आमच्या घरून लंडनच्या काकांना डबे जायचे. आजी डबे भरायची, आई ते पांढऱ्या कापडात शिवायची आणि कस्टमचा फॉर्म आजोबा भरायचे. फॉर्मवर आत काय आहे ते इंग्रजीत लिहावं लागे. आजोबा सुवाच्य अक्षरात chakli, chivda, karanji लिहीत. चौथा पदार्थ मात्र ते कायम एकवचनात लिहीत: anarsa. डब्यात अनारसे पुष्कळ असत, म्हणून मी अनेकवचनाचा हट्ट धरला. त्यांनी मान हलवली आणि लिहिलेलं तसंच ठेवलं. पुढे इंग्रजी बऱ्यापैकी वाचू लागले तेव्हा anarse या शब्दाच्या शेपटीत इंग्रजीतला कोणता अशिष्ट शब्द बसलाय ते दिसलं, आणि आजोबांची सावधगिरी कळली. आजही मी तो शब्द एकवचनातच लिहिते. अनेकवचन हवंच असेल तर इंग्रजी s लावून anarsas करते.

शेवटचा e हा असा बऱ्याच पदार्थांचा शत्रू आहे. इंग्रजी वाचणाऱ्याची जीभ शब्दाच्या अखेरचा e गिळते. पुण्याचं Pune लिहिलेलं नाव परदेशी माणूस ‘प्यून’ वाचतो ते त्यामुळेच. चिरोटे, शंकरपाळे, पोहे या सगळ्यांची हीच गत. शंकरपाळ्यांना shankarpali ही वाट आहे, पोह्यांना मात्र मराठीत एकवचनाची वाट नाही. मग मेनूवर हिंदीतला poha येऊन बसतो. मराठी खाणावळीच्या कार्डावर मी pohe चाच आग्रह धरते. उच्चार थोडा चुकला तरी चालेल, पण आपण जे म्हणतो ते तिथे असावं.

शिक्षण संपल्यावर एका इंग्रजी मासिकात उपसंपादक म्हणून लागले, आणि सणावारांचे लेख माझ्याकडे येऊ लागले. एकाच अंकात thalipeeth आणि thalipith दोन्ही असायचे. दोन्ही लेखक आपापलं बरोबर म्हणायचे, आणि खरंच, दोघांच्याही मागे जुनी परंपरा होती. विल्यम जोन्सने 1788 मध्ये कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये एक पद्धत मांडली: व्यंजनं इंग्रजीसारखी, स्वर इटालियनसारखे. म्हणजे ई साठी i, ऊ साठी u. त्याच सुमारास जॉन गिलख्रिस्टने इंग्रज माणसाच्या कानाला सोयीची ee आणि oo ची पद्धत चालवली. एकोणिसाव्या शतकात विल्यम हंटरने जोन्सची पद्धत साधी करून सरकारी कामात रूढ केली. भारतीय नकाशांवरची नावं अजून बरीचशी त्याच वळणाने लिहिली जातात. Poona मधला oo जुन्या वळणाचा, Pune मधला u नव्या. थालीपिठाच्या ताटात हे दोन्ही पंथ अजून शेजारी बसतात.

मी thalipeeth निवडला. pith हा इंग्रजीत स्वतंत्र शब्द आहे, झाडाच्या खोडातला मऊ गर, आणि वाचणारा तो ऱ्हस्वच वाचतो. peeth ला दुसरा अर्थ नाही, त्यामुळे डोळा तिथे अडखळत नाही. पिठल्याला मात्र मी pithla च ठेवते. तिथला ‘पि’ ऱ्हस्व आहे, आणि शेवटच्या लं मधला अनुस्वार रोमनमध्ये न्यायला सोपी सोय नाही. th बद्दल मी हात टेकले आहेत. तेच थ साठी, तेच ठ साठी, आणि तमिळ वाचकासाठी तर ते त आहे.

काही वर्षांनी दादरच्या एका मराठी खाणावळीच्या मालकांनी मेनू नीट करायला बोलावलं. गिऱ्हाईक सर्व प्रकारचं: गुजराती, तमिळ, बंगाली, अधूनमधून परदेशी. मी आधी मालकांशी न बोलता वेटरांशी बोलले. शब्द कुठे फसतो ते त्यांनाच ठाऊक असतं, कारण ज्या पदार्थाचं नाव वाचता येत नाही त्यावर गिऱ्हाईक बोट ठेवतं. ‘हे एक द्या.’ आमच्या कार्डावर सगळ्यात जास्त बोटं kothimbir vadi वर पडत होती. तक्रारी मात्र अळूवडीच्या.

कार्डावर alu vadi छापलं होतं. अर्ध्या हिंदुस्थानाला alu म्हणजे बटाटा. ताटलीत हिरव्या-काळपट चकत्या आल्या की लोक विचारत, यात आलू कुठे आहे? एका बाईंना वाटलं होतं की बटाटेवड्याचाच हा धाकटा प्रकार असेल. aloo केलं असतं तर घोटाळा पक्काच झाला असता. टिंबवाली पद्धत, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक ISO 15919, जी 2001 मध्ये आली, तिच्यात ळ साठी ḷ आहे, ल च्या अक्षराखाली एक टिंब. अभ्यासाच्या पुस्तकात ती उत्तम. पण मेनूवर aḷūvaḍī छापलं तर गिऱ्हाईकाला ती टिंबं शाईचे डाग वाटतात, आणि पुढच्या छपाईत ती गळूनच पडतात. संस्कृतसाठीच्या एका जुन्या पद्धतीत तर तेच ḷ चिन्ह ऌ या स्वरासाठी वापरतात.

शेवटी मी दोन गोष्टी केल्या. दोन शब्द जोडून aluvadi असा एकच केला, म्हणजे alu सुटा दिसणार नाही. आणि खाली लहान अक्षरात इंग्रजीत लिहिलं की या अळूच्या पानांना बेसनाचा चिंच-गुळाचा लेप लावून, गुंडाळून, उकडून, मग तळलेल्या वड्या आहेत, गुजराती पात्र्याच्या जवळच्या. वेटर म्हणाले, आता आलूबद्दल कोणी विचारत नाही. जिथे अक्षर हरतं तिथे एक साधं वाक्य काम करतं, हे मी त्या कार्डावर शिकले, आणि तेव्हापासून स्पेलिंगपेक्षा खालच्या ओळीवर जास्त वेळ घालवते. तिथे ‘डंपलिंग’ एवढंच लिहून भागत नाही. उकडीच्या मोदकाला तांदळाच्या पिठाची उकड, आत ओलं खोबरं आणि गूळ, एवढं सांगावंच लागतं. नाहीतर वाचणारा मोमो समजून बसतो.

तिथेच ukadiche की ukdiche हा वाद झाला. बोलताना आपण क नंतरचा अ गिळतो, त्यामुळे ukdiche कानाला जवळचं. पण लिहिणारे आणि शोधणारे बहुतेक ukadiche टंकतात. तिथे मी रूढीच्या बाजूने गेले. भाकरीला मात्र bhakri केलं, कारण तिथे तसा जोराचा रिवाज नव्हता. झुणक्याचा z मी हट्टाने ठेवला. 1995 मध्ये राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं काढली, तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रांत zunka bhakar असंच यायचं. हिंदी कानाचा माणूस तिथे jh लिहील, पण आपल्या झुणक्यातला झ दाताजवळचा आहे आणि z ला त्याची निदान चाहूल तरी आहे. चकलीतल्या च ला तेवढीही सोय नाही.

रूढीचा मान काय असतो ते गोव्यात दिसतं. तिथली xacuti पाहून नवखा माणूस ‘झाकुती’ म्हणतो, पण गोवेकर ते अक्षर बदलत नाहीत. x म्हणजे श, हा पोर्तुगीजांकडून आलेला संकेत रोमी कोकणीत पिढ्यान्‌पिढ्या मुरलाय. त्यांनी वर्तमानपत्रं आणि नाटकं या लिपीत लिहिली. त्यांची रोमन लिपी घरची आहे, आपली पाहुण्यासाठी मांडलेली.

मला खरी काळजी वाटते ती रोमनमधून परत देवनागरीत येणाऱ्या शब्दांची. लोकमान्यांचं आडनाव टिळक. इंग्रजीत Tilak झालं, आणि हिंदीत ते तिलक आहेत. ट ही गेला, ळ ही गेला. हिंदी मेनूंवर मी ‘मिसल पाव’ आणि ‘पूरन पोली’ वाचते, तेव्हा मला ते निदान समजतं, हिंदीच्या रोजच्या बोलीत ळ नाही. पण मुंबईत एका मराठी फलकावरही मी ‘पुरण पोली’ वाचलं. फलक करणाऱ्याने रोमन कळांवरून टंकलं असणार. ळ हवा असेल तर अशा बऱ्याच पद्धतींत मोठा L दाबावा लागतो. जुन्या ITRANS पद्धतीत पुरणपोळी म्हणजे `puraNapoLI`. छोटा l दाबला की पोली. म्हणून आता मी कोणत्याही मेनूचं काम घेताना एक अट घालते: रोमन नावाशेजारी देवनागरी नाव छापायचंच. जागा नाही म्हणाले तर फोटो लहान करा म्हणते. रोमन अक्षरं तोंडाला वाट दाखवतात, पण मूळ शब्द कुठे तरी जसाच्या तसा उभा असायला हवा, म्हणजे ज्याला परत यायचं त्याला येता येईल.

यंदा अमेरिकेतल्या भाचीचा निरोप आला. तिथल्या गणेशोत्सवाच्या अंकात ती मोदकांवर इंग्रजीत लिहिते आहे. ‘मावशी, मोदकाची उकड उरली की आजी तिच्यात मिरची-जिरं घालून जे थापायची, ते कसं लिहू?’

निवगऱ्या. मी बराच वेळ कागदावर लिहून पाहिलं. nivagrya केलं तर शेवटचा तो rya परक्याच्या जिभेवर ‘राया’ होतो, आणि ऱ्य मधला हलका र तर रोमनला वेगळा दाखवताच येत नाही. एकवचन निवगरी. मग nivagri. याला रूढ असं काही स्पेलिंग मला माहीत नाही, म्हणजे जे आपण ठरवू तेच पहिलं ठरेल, असं तिला लिहिलं. पुढे ती उकड, ती मिरची आणि ते चपटं थापणं एका वाक्यात सांगायला सांगितलं, आणि पहिल्या उल्लेखाशेजारी देवनागरीत ‘निवगरी’ छापायला.

तिने विचारलं, एकवचन का? खाताना एकावर कोणी थांबतं का?

थांबत नाही. nivagris कर, म्हटलं.