प्रबंधातलं प्रकरण लहान केलं म्हणजे शोधनिबंध होत नाही

आमचा एम.ए.चा लघुशोधप्रबंध विभागाच्या कपाटात काळ्या बाइंडिंगमध्ये उभा आहे. पाठीवर सोनेरी अक्षरं आहेत. तो आम्ही, आमचे मार्गदर्शक आणि बाहेरून आलेले परीक्षक अशा तिघांनी वाचला. परीक्षकांनी पूर्ण वाचला असेल, असं आम्ही समजून चालतो. कोल्हापुरात शिकायला आलेल्या बौद्ध विद्यार्थ्यांना भाड्याची खोली कशी मिळते, हा विषय. सव्वीस पोरापोरींनी आम्हाला तासतास बसून सांगितलं होतं. ते सगळं चौथ्या प्रकरणात होतं, आणि चौथं प्रकरण कपाटात होतं.

म्हणून ठरवलं, या प्रकरणाचा शोधनिबंध करायचा. पहिल्या खेपेला जे केलं ते बहुतेक सगळेच करतात. प्रकरण चौदा हजार शब्दांचं होतं, नियतकालिकाची मर्यादा सहा हजारांची. आम्ही प्रत्येक भागातून थोडंथोडं कापत गेलो. इथलं एक कोष्टक गेलं, तिथलं एक अवतरण गेलं, मोठी वाक्यं लहान केली. नऊ हजारांवर आल्यावर हात थांबला, कारण आता कापलं तर काहीतरी तुटेल असं वाटायला लागलं. संपादकांना पत्र लिहिलं की विषय महत्त्वाचा आहे, मर्यादा थोडी सैल करावी. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, दोनच ओळींचं. हे प्रबंधाचं प्रकरण आहे. यात लेखकाचं म्हणणं काय आहे ते कळत नाही.

राग आला. आपल्या विषयावर लिहिलं की असंच होतं, असंही मनात आलं. असं होतंही, ते नाकारत नाही. पण या वेळी संपादकांचं बरोबर होतं. लेख पुन्हा उघडला तर पहिल्याच पानावर 'मागील प्रकरणात आपण पाहिले' असं वाक्य होतं, आणि सहाव्या पानावर 'परिशिष्ट ब पाहा'. वाचणाऱ्याकडे ना मागचं प्रकरण, ना परिशिष्ट.

प्रबंधातलं प्रकरण आणि शोधनिबंध यांची कामंच वेगळी आहेत. प्रकरण परीक्षकासाठी लिहिलेलं असतं. आपण काम केलं, सगळे प्रश्न विचारले, सगळी उत्तरं मोजली, हे त्यात दाखवायचं असतं. म्हणून त्याचा क्रम प्रश्नावलीचा असतो: वय, तालुका, आई-वडिलांचा व्यवसाय, उत्पन्न, मग खोली, मग भाडं, मग अडचणी. शोधनिबंध वाचणाऱ्याला आपण किती राबलो याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला एकच गोष्ट हवी असते: तुम्ही असं काय सांगताय जे आधी माहीत नव्हतं?

याचा नमुना आपल्या घरातच आहे. बाबासाहेबांनी 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये 'कास्ट्स इन इंडिया' वाचला आणि मे 1917 मध्ये तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. तो काही प्रबंधातून काढलेला नव्हता, सेमिनारसाठीच लिहिलेला होता. पण रचना बघा. जातीवर तेव्हाही ढीगभर लिहून झालं होतं. बाबासाहेब सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांच्या व्याख्या घेतात, प्रत्येकाची कुठे गफलत होते ते थोडक्यात सांगतात आणि पुढे जातात. केतकरांनी जातीची दोन लक्षणं सांगितली होती: बाहेर लग्नाला बंदी आणि जन्मानेच मिळणारं सदस्यत्व. बाबासाहेब दाखवतात की ही एकाच गोष्टीची दोन अंगं आहेत. तिथून सगळा निबंध एका मुद्द्यावर येतो, जातीअंतर्गत विवाहावर. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह हे सगळं त्या एका मुद्द्याच्या मागे येतं, त्याच्या शेजारी वेगळा विषय म्हणून उभं राहत नाही. पूर्वअभ्यासाचा आढावा म्हणून आम्ही तीस पानं लिहिली होती. ती समोर ठेवून हा निबंध पुन्हा वाचला तेव्हा आमच्या तीस पानांतली बरीचशी कशासाठी होती, ते आम्हालाच सांगता येईना.

मग आम्ही कात्री बाजूला ठेवली आणि पेन्सिल घेतली. प्रकरणाच्या प्रत्येक परिच्छेदाशेजारी एकच ओळ लिहायची: हा परिच्छेद काय सांगतो? जिथे 'माहिती देतो' याच्यापुढे काही लिहिता येईना तिथे फुली. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी दिसलं की बहुतेक परिच्छेद एकच निष्कर्ष पुन्हा पुन्हा सांगत होते, की खोली देताना जात बघतात. आणि हे तर आधीच सिद्ध झालेलं होतं. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत फोन करून आणि प्रत्यक्ष जाऊन घरमालकांना तपासलं होतं. 2015 मध्ये तो अभ्यास 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त आला. तेच सव्वीस मुलाखतींवरून कोल्हापुरात पुन्हा सांगून काय साधणार होतं? सव्वीस जणांवरून 'किती' हे सांगता येत नाही. 'कसं' हे सांगता येतं.

आणि 'कसं' हे प्रकरणाच्या एका कोपऱ्यात पडलेलं होतं, जेमतेम तीन पानांत. एका पोराला आम्ही विचारलं होतं, "किती ठिकाणी नकार मिळाला?" तो म्हणाला, "दादा, नकार कुठला? आम्ही विचारायलाच जात न्हाई." त्याला खोली गावच्या सीनियरकडून मिळाली होती. सीनियरला त्याच्या आधीच्याकडून. मालकाला फक्त 'माझा भाऊ येतोय' असं सांगितलं जायचं. खोली हातोहात जायची आणि आडनाव विचारायची वेळच यायची नाही. कोष्टक क्रमांक नऊमध्ये आम्ही या पोरांपुढे 'नकाराचा अनुभव: नाही' अशी नोंद केली होती. म्हणजे आमचंच कोष्टक सांगत होतं की इथे भेदभाव नाही!

शोधनिबंध तिथे होता. आम्ही वहीत एक वाक्य लिहिलं: कोल्हापुरात बौद्ध विद्यार्थ्याला नकार कमी मिळालेला दिसतो, कारण तो नकार मिळेल अशा दारात जातच नाही, त्यामुळे नकार मोजून भेदभाव मोजता येत नाही. या वाक्याशी एखादा भांडू शकतो. 'निवासाच्या समस्या गंभीर आहेत' या वाक्याशी कोण भांडणार? ज्याच्याशी कुणीच भांडू शकत नाही ते वाक्य शोधनिबंधाचा कणा होत नाही, ही परीक्षा आम्हाला पुढे प्रत्येक वेळी उपयोगी पडली.

वाक्य सापडल्यावर कापाकापी सोपी झाली. ते वाक्य पहिल्या पानावर आलं. पूर्वअभ्यास दीड पानाचा झाला, आणि त्यात नकार मोजणारे अभ्यासच राहिले. संशोधन पद्धतीचं प्रकरण दोन परिच्छेदांत आलं: कोण, कधी, किती जण, कसे शोधले, आणि विचारणाराही बौद्धच होता याचा उत्तरांवर काय परिणाम झाला असेल. सतरा कोष्टकांपैकी एक उरलं, तेच नववं, आता त्याच्यावरच्या टीकेसह. ती तीन पानं मात्र कापली नाहीत. ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकून त्यांची नऊ पानं केली. शोधनिबंध करताना एखादा भाग वाढवावाही लागतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

खरी अडचण अवतरणांची. प्रकरणात एकेचाळीस होती, निबंधात नऊ मावत होती. माणसं विश्वासाने बोललेली असतात, त्यांचं बोलणं कापताना चोरी केल्यासारखं वाटतं. त्यातली एक मुलगी. तिला आणि तिच्या वडिलांना घरमालकीणबाईंनी चहा दिला, गाव विचारलं, आणि मग विचारलं, "तुमच्या घरी देव कुठला?" वडील म्हणाले, "बुद्ध." चहा संपला, खोलीही संपली. प्रकरणातलं सगळ्यात जोरदार अवतरण ते, पण हातोहात खोलीच्या मांडणीत ते बसत नव्हतं. आम्ही ते कापून 'कापलेले' नावाच्या फाइलमध्ये टाकलं.

चार दिवसांनी चळवळीतल्या एका मैत्रिणीला मसुदा वाचायला दिला. तिने विचारलं, "यात पोरी कुठं हायत?" तेव्हा ट्यूब पेटली. मुलींच्या मुलाखती पुन्हा काढल्या. हातोहात खोली एकीलाही मिळाली नव्हती. मुलींच्या खोलीला मालक आई-वडिलांना बोलावतात, चौकशी करतात. म्हणजे ज्या दारात पोरं जात नाहीत त्या दारात पोरींना जावंच लागतं. आमच्या मांडणीच्या विरोधात जाणारा पुरावा आम्ही 'जागा नाही' म्हणून कापला होता. जागेसाठी कापणं आणि अडचणीचं म्हणून कापणं, दोन्ही कात्रीत सारखंच दिसतं. त्या मुलीचं अवतरण परत आलं, दावा मुलग्यांपुरता आखडला, आणि मुलींवर दोन पानांचा वेगळा भाग आला. निबंध पाच हजार नऊशे शब्दांवर थांबला.

शीर्षक शेवटी बदललं. जुनं असं होतं: 'कोल्हापूर शहरातील अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या निवासविषयक समस्यांचे समाजशास्त्रीय अध्ययन'. यात सगळं आहे, फक्त म्हणणं नाही. 'समाजशास्त्रीय' गेलं, कारण नियतकालिकच समाजशास्त्राचं. 'अध्ययन' गेलं. 'अनुसूचित जाती' गेलं, कारण आम्ही बौद्धांशीच बोललो होतो. मोठा शब्द वापरून आम्ही मातंग आणि चर्मकार पोरांच्या वतीनेही बोलत होतो, त्यांना न विचारता. मग 'न ठोठावलेलं दार' असं काहीतरी सुचलं. ऐकायला छान, पण यादीत शोधणाऱ्याला त्यावरून काय कळणार? शेवटी ठरलं: 'नकाराआधीची माघार: कोल्हापुरातील बौद्ध विद्यार्थी आणि भाड्याची खोली'. आधी म्हणणं, मग ठिकाण, माणसं आणि विषय.

नवा मसुदा दुसऱ्या नियतकालिकाला पाठवताना पत्रात स्पष्ट लिहिलं की हा निबंध एम.ए.च्या लघुशोधप्रबंधातल्या प्रकरणावर आधारित आहे. मार्गदर्शकांना सहलेखक म्हणून नाव घालू का विचारलं, तर ते म्हणाले, "लिहिलंय तुम्ही. आभारात घाला."

पाठवण्याआधी एक काम उरलं होतं. पोरांनी संमती दिली होती ती कपाटात जाणाऱ्या प्रबंधासाठी. छापून येणं वेगळं. नऊ जणांना भेटून त्यांचं त्यांचं अवतरण वाचून दाखवलं. तालुका, अभ्यासक्रम आणि वर्ष एकत्र आले की पोरगं ओळखू येतं, म्हणून तेही काढलं. आठ जण हो म्हणाले. नववा तोच, 'विचारायलाच जात न्हाई' म्हणणारा. त्याने दोनदा ऐकलं आणि म्हणाला, "दादा, त्या खोलीत आता माझा धाकटा भाऊ राहतो. मालकाच्या पोराला वाचायची लई सवय हाय." त्याच्या वाक्याने निबंध सुरू होत होता. आम्ही ते काढलं. आज त्याला इथे लिहायला सांगितलंय, कारण भाऊ शिकून बाहेर पडला आणि ती खोलीही सुटली. छापील निबंध मात्र कोष्टक क्रमांक नऊपासून सुरू होतो.