नोकरकपातीनंतर आलेले अर्ज

पुण्यात खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत मी बरीच वर्षं भरतीचं काम केलं. तिथे असताना एकदा मोठी नोकरकपात झाली आणि तिची बातमी वर्तमानपत्रांत आली. ज्यांना जावं लागलं त्यांत माझ्या शेजारी बसणारा, माझ्यासारखंच भरतीचं काम पाहणारा एक सहकारीही होता. त्याचं लॉगिन त्याच दुपारी बंद झालं आणि त्याच्या पत्त्यावर येणारी मेल माझ्याकडे वळवली गेली. पुढे कितीतरी आठवडे त्याच्या नावाने आलेले अर्ज मी वाचत होते. बहुतेकांची सुरुवात ‘आपण मजेत असाल अशी आशा आहे’ अशी असायची आणि लगेच पुढे ‘आपल्या झपाट्याने वाढणाऱ्या कंपनीत’ काम करण्याची इच्छा.

लिहिणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण कपातीनंतर भरती विभागातला माणूस दिवसभर काय करतो, याची बाहेरच्याला कल्पना नसते. नवी माणसं घेण्याचं काम जवळजवळ थांबलेलं असतं. तो जाणाऱ्यांचे हिशेब पुरे करतो, रिलीव्हिंग लेटर काढतो, लॅपटॉप परत आले का ते पाहतो, ‘माझा मेडिक्लेम कधीपर्यंत चालू राहील?’ अशा फोनना उत्तरं देतो. अशा माणसाला झपाट्याच्या वाढीचं वाक्य वाचलं की एवढंच कळतं, की या उमेदवाराने आपल्याबद्दल काहीही वाचलेलं नाही. पुढे त्याने स्वतःच्या कामाबद्दल कितीही चांगलं लिहिलेलं असो, ते वाचताना मन आधीच अर्धं उठलेलं असतं.

दुसऱ्या प्रकारचे अर्ज मला त्याहून जड गेले. बातमी वाचून सांत्वन करणारे. ‘आपल्या कंपनीवर कोसळलेल्या संकटाबद्दल वाचून अतिशय दुःख झाले,’ आणि पुढच्याच ओळीत ‘सोबत बायोडेटा जोडला आहे’. ओळखदेख नसलेल्या माणसाचं दुःख आणि त्याची मागणी एकाच पानावर आली की दुःखाच्या वाक्यावर विश्वास बसत नाही. ज्या टेबलावर ते पत्र येतं तिथल्या माणसाने कदाचित आदल्याच आठवड्यात आपल्या मित्राच्या हातात नोकरी संपल्याचं पत्र दिलेलं असतं. त्याला अनोळखी माणसाकडून सांत्वन नको असतं.

हे सगळं मला पुन्हा आठवलं ते माझ्या मावसबहिणीच्या मुलीमुळे. ती मूळची साताऱ्याची, पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगचा तीन वर्षांचा अनुभव. माल पोहोचवणाऱ्या व्यवसायांसाठी प्रणाली बनवणाऱ्या एका कंपनीत तिला अर्ज करायचा होता. पत्र लिहून झालं आणि दोनच दिवसांत त्या कंपनीने माणसं कमी केल्याची बातमी आली. “मावशी, आता काय करू? अर्ज करूच नको का?” तिने विचारलं. मी म्हटलं, “कर. पण आधी बातमी नीट वाचू.”

बातमी नीट वाचायची म्हणजे मथळ्यातला आकडा सोडून खाली जायचं. कोणता विभाग, कोणती पातळी, कोणतं कारण. 2025 च्या जुलैमध्ये टीसीएसने सुमारे 12 हजार माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं तेव्हा घराघरांत तो आकडाच बोलला गेला. पण कंपनीच्या निवेदनात दोन गोष्टी आणखी होत्या: हे प्रमाण एकूण मनुष्यबळाच्या साधारण 2 टक्के आहे आणि कपात मुख्यतः मधल्या आणि वरच्या श्रेणीत आहे. नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलाने त्या दिवसांत तिथे अर्ज करताना पत्राला सुतकी सूर लावायचं काही कारण नव्हतं. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिची महत्त्वाची निवेदनं बीएसई आणि एनएसईच्या संकेतस्थळांवर सापडतात. नोंदलेली नसेल तर बातम्या आणि तिथून बाहेर पडलेल्या लोकांनी लिंक्डइनवर लिहिलेलं, एवढ्यावरच भागवावं लागतं.

या मुलीच्या बाबतीत कंपनी खासगी होती. आम्ही लिंक्डइनवर पाहिलं. नवं काम शोधत असल्याचं ज्यांनी लिहिलं होतं ते बहुतेक विक्री आणि ग्राहक सेवेतले होते. परदेशातला एक मोठा ग्राहक गेल्यामुळे ते घडलं, असं दोघातिघांनी स्वतंत्रपणे लिहिलं होतं. टेस्टिंगमधलं कुणी दिसलं नाही. म्हणजे ती जिथे अर्ज करत होती तो विभाग बहुधा शाबूत होता. आणखी एक गोष्ट सापडली, आणि ती फार मोलाची होती. तिच्या पत्रात पहिल्याच ओळीत तिच्या कॉलेजच्या एका सीनियरचा उल्लेख होता, ‘यांनी मला या जागेबद्दल सुचवलं’ म्हणून. तो ग्राहक सेवेत होता आणि त्यालाच काढलं होतं. ते पत्र तसंच गेलं असतं तर वाचणाऱ्याला सगळ्यात आधी तेच नाव दिसलं असतं.

मी तिला त्या सीनियरला आधी फोन करायला सांगितलं, आणि त्या फोनवर अर्जाचा विषय काढू नकोस, असंही सांगितलं. तिने तसंच केलं. तो बराच वेळ बोलला. नंतर त्याने आपणहून सांगितलं, की माझं नाव काढून टाक, टेस्टिंगची जागा खरी आहे का ते मी मित्राला विचारतो. ही चौकशी गरजेची असते. कपात झाली की रिकाम्या जागांपैकी बऱ्याच रद्द होतात किंवा थांबवल्या जातात, पण जॉब पोर्टलवरच्या जाहिराती कुणी काढत नाही. ज्या जागा उरतात त्यांना वित्त विभागाकडून नव्याने मंजुरी लागते आणि कपातीत सापडलेल्या आतल्या माणसांचा त्यांवर आधी विचार होतो.

मग आम्ही पत्र घेऊन बसलो. पत्र अर्थातच इंग्रजीत होतं. इथे मराठीत सांगते. मूळ पहिलं वाक्य होतं, ‘आपल्या कंपनीच्या रोमांचक प्रवासात सहभागी व्हायला मी उत्सुक आहे.’ बातमीनंतर तिने त्याखाली घातलं होतं, ‘सध्याच्या कठीण काळाची मला जाणीव आहे.’ आणि शेवटी, ‘मनुष्यबळ कमी झाल्यामुळे आपल्याला अनेक कामं सांभाळणारी व्यक्ती हवी असेल, तर मी कमी पगारातही रुजू व्हायला तयार आहे.’

शेवटचं वाक्य मी सगळ्यात आधी काढायला लावलं. ते तिने नम्रपणे लिहिलं होतं, पण त्याचा अर्थ असा होत होता, की तुमची माणसं गेली, त्यांचं काम मी स्वस्तात करते. ते पत्र टेस्टिंग टीमच्या प्रमुखाकडे गेलं तर त्याच्यासमोर गेलेल्या माणसांच्या रिकाम्या खुर्च्या असणार. शिवाय त्याने काही साधतही नाही. पदाची पगाराची पट्टी ठरलेली असते, आणि आधीच कमी सांगितलेला आकडा पुढे वाढवून मागता येत नाही. ‘कठीण काळाची जाणीव’ही गेली, कारण तिचा विभाग त्यात नव्हता आणि वाक्यातून तिच्या कामाबद्दल काहीच कळत नव्हतं. ‘रोमांचक प्रवास’ तर जायलाच हवा होता.

त्या जागी हे आलं: ‘टेस्ट इंजिनियरच्या जागेसाठी अर्ज करत आहे. गेली तीन वर्षं मी गोदामाच्या प्रणालीची चाचणी करते. दर नव्या आवृत्तीपूर्वी हाताने कराव्या लागणाऱ्या चाचण्यांना आमच्याकडे तीन दिवस लागत. त्यांतल्या नेहमीच्या चाचण्या मी स्वयंचलित केल्यावर ते काम एका दिवसावर आलं. आपल्या प्रणालीत डिलिव्हरीचा मार्ग ऐनवेळी बदलण्याची सोय आहे. तशा बदलांची चाचणी हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे.’ कपातीचा उल्लेख नाही, कंपनीची स्तुती नाही. तीन दिवसांचं काम एका दिवसावर आलं, हे वाक्य कमी माणसांत काम भागवणाऱ्या टीमला जे सांगायचं ते सांगतं. त्यासाठी त्यांच्या कमी माणसांकडे बोट दाखवावं लागत नाही.

उल्लेख कधीच करू नये असं मात्र मी म्हणणार नाही. जिथे तुमचं काम आणि त्या कंपनीवर आलेली आपत्ती यांचा थेट संबंध असतो, तिथे गप्प राहणं विचित्र दिसतं. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पाडले, विमानतळांवर रांगा लागल्या. पुढच्याच महिन्यात कंपनीने कारणांचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. त्यात मूळ चूक सांगितली होती: एका ठिकाणी 21 घटक अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात 20 च पुरवले जात होते, आणि ते चाचणीत पकडलं गेलं नाही. त्यानंतर तिथे टेस्टिंगसाठी अर्ज करणाऱ्याने ‘आपला अहवाल वाचला, अपडेट टप्प्याटप्प्याने सोडण्याच्या पद्धतीवर मी काम केलं आहे’ एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर ते योग्यच होतं. त्यात दोष देणं नाही, हळहळ नाही, आणि कंपनीने स्वतः जे मान्य केलं त्यापलीकडे एक शब्द नाही. वर्तमानपत्रातला तर्क किंवा आतल्या माणसाने खासगीत सांगितलेली गोष्ट मात्र पत्रात कधीही येऊ नये.

कपातीचे प्रश्न विचारायची जागा मुलाखत आहे. टीममध्ये आधी किती माणसं होती आणि आता किती आहेत, काम तेवढंच आहे का, ही जागा या आर्थिक वर्षापुरती मंजूर आहे की पुढेही, हे तिथे सरळ विचारावं. चांगला प्रमुख या प्रश्नांनी रागावत नाही. उत्तर देताना तो घुटमळला तर तीही माहितीच.

पत्र आम्ही बातमीनंतर दोन आठवड्यांनी पाठवलं. जाहिरातीत शेवटची तारीख दिली असती तर थांबलो नसतो. एरवी आठवडाभरात आठवण करून देतात, इथे तीन आठवडे जाऊ दिले. त्या मेलमध्ये दोनच वाक्यं होती: ‘या जागेसाठी केलेल्या अर्जाची आठवण म्हणून लिहीत आहे. जागा रद्द झाली असेल किंवा थांबवली असेल, तर तेवढं कळवलंत तरी मला पुढचं ठरवायला उपयोग होईल.’ दुसरं वाक्य मी मुद्दाम घातलं. त्या दिवसांत भरतीतल्या माणसाला नकार कळवायचा जीव होत नाही, म्हणून तो उत्तरच देत नाही. नकार देण्याची वाट समोरच्यानेच मोकळी करून दिली की तो लिहितो.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. जागा पुढच्या आर्थिक वर्षापर्यंत थांबवली आहे, आपला अर्ज प्रमुखांना दाखवला आहे, एप्रिलनंतर कळवू. कितीही नेटकं लिहिलं तरी थांबवलेली जागा पत्राने उघडत नाही. उरलेले महिने ती इतरत्र अर्ज करत राहिली आणि मार्चमध्ये बाणेरच्या एका कंपनीत तिला काम मिळालं. मे महिन्यात त्या पहिल्या कंपनीचा फोन आला. तिने नम्रपणे नकार दिला आणि त्यांना त्या सीनियरचं नाव सुचवलं. त्याला ग्राहक सेवेत परत घेतलं गेलं नाही, पण त्यांनी त्याला फोन केला होता.