दीडशेचे दोनशे

गेल्या रविवारी जुनं कपाट आवरताना मेकॅनिकलच्या दिवसातली एक वही सापडली. आता मी दिवसभर सॉफ्टवेअरच लिहितो, त्यामुळे वहीतलं बरंचसं डोक्यावरून गेलं. एक पान मात्र लगेच ओळखलं, कारण त्या पानापायी मी मामाच्या शेडमध्ये चांगलाच तोंडघशी पडलो होतो.

तर झालं असं. २०१८ ची उन्हाळ्याची सुट्टी, तिसरं वर्ष नुकतंच संपलेलं. मामाचं भोसरीला छोटं वर्कशॉप आहे, दोन सीएनसी लेथ. एका लेथवर ५० मिमी व्यासाचे शाफ्ट चालू होते, २०० मिमी लांबी कापायची, फीड फेऱ्याला ०.२ मिमी. प्रोग्राममध्ये `G96 S150`, म्हणजे कटिंग स्पीड मिनिटाला १५० मीटर. मी कागदावर गणित केलं. एका नगाला १.०५ मिनिटं लागतायत, २०० चा स्पीड दिला तर ०.७९ लागतील. चक्क २५ टक्के वेळ वाचला! लेथवरचे काका जेवायला गेले होते. मी S150 चं S200 केलं.

शेजारच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं, '३८ नगांनंतर कॉर्नर बदलणे'. ते मी वाचलं होतं. पण तो आकडा दीडशेच्या स्पीडसाठी आहे, हे काही डोक्यात आलं नाही.

काका परत आले आणि गेजकडे न जाता आधी थबकलेच. "आवाज बदललाय," म्हणाले. तोपर्यंत २६ नग झाले होते. शाफ्टची चकाकी गेली होती, बारीक ओरखडे दिसत होते. स्नॅप गेज लावला, तर शेवटचे नऊ नग त्यात शिरेनात!

कारण साधं आहे. कापताना टूलची बाजू नव्या कापलेल्या पृष्ठभागावर घासते आणि तिथे एक सपाट पट्टा झिजतो, त्याला फ्लँक वेअर म्हणतात. हा पट्टा ०.३ मिमीचा झाला की टूल संपलं असं सहसा धरतात. टूलचा क्लिअरन्स अँगल ६ अंश असेल, तर तेवढ्या झिजेने धार ०.०३ मिमी मागे सरकते. मशीनला याचा पत्ताच नसतो, आणि शाफ्ट व्यासाला ०.०६ मिमी जाड निघतो. आमच्या शाफ्टला सगळी मिळून ०.०५ ची सूट होती. जाड निघाले म्हणून वाचले, परत कापता आले. बारीक निघाले असते तर थेट भंगारात.

संध्याकाळी मामा एवढंच म्हणाला, "अरे, तुम्हाला टेलर शिकवत नाहीत का?"

शिकवला होता की! फ्रेडरिक टेलरने १९०७ साली मांडलेलं समीकरण, `V·T^n = C`. V म्हणजे स्पीड, T म्हणजे टूलचं आयुष्य. कार्बाइडसाठी n साधारण ०.२५ धरतात. मी हे परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते, पण त्याचा अर्थ असा की आयुष्य स्पीडच्या चौथ्या घाताने घटतं. दीडशेला एक कॉर्नर ४० मिनिटं चालत होता. दोनशेला ४० गुणिले (०.७५) चा चौथा घात, म्हणजे जेमतेम १२.७ मिनिटं. ३८ नगांच्या जागी १६! सतराव्या नगापासून मी झिजलेल्या टूलवरच कापत होतो.

मग मामाने हिशेब मांडायला लावला. मशीनचं मिनिट १० रुपये. एक कॉर्नर १०० रुपये, आणि तो बदलायला २ मिनिटं, म्हणजे बदल पडतो १२० रुपयांना. दीडशेला नगामागे मशीनचे १०.४७ आणि टूलचे ३.१४, मिळून १३.६१ रुपये. दोनशेला ७.८५ आणि ७.४५, मिळून १५.३०. मला वाटलं मग हळू चालवणं बरं. १२० चा स्पीड घेतला तर टूलचा खर्च १.६१ वर आला, पण मशीनचा १३.०९ झाला. बेरीज १४.७०. सगळ्यात स्वस्त स्पीड निघाला १५४, आणि काकांनी फळ्यावर न लिहिता तो १५० ठेवला होता!

"मग जास्त स्पीड कधीच नाही का?" मी विचारलं.

"गिऱ्हाईक दारात बसलं असेल तेव्हा," मामा म्हणाला. खरंच, फक्त वेळ मोजला तर या शाफ्टला २४१ चा स्पीड सर्वात चांगला येतो. कॉर्नर दर सहा मिनिटांनी बदलावा लागतो आणि नग जवळजवळ वीस रुपयांना पडतो, पण माल लवकर बाहेर पडतो.

अर्थात n आणि C हे त्या मटेरियलचे, त्या इन्सर्टचे, त्या फीडचे. स्टील बदललं की फळा पुसायचा आणि पुन्हा झीज मोजायची. फार कमी स्पीडला तर धारेवर धातूच चिकटून बसतो, तिथे हे समीकरण चालत नाही.

असो. ते नऊ शाफ्ट दुसऱ्या दिवशी मीच परत कापले. `G96 S150` वर. आणि जेवायला काका गेले तेव्हा मीही त्यांच्याबरोबर गेलो.