यादी सोपवताना

तर मंडळी, आडपडदा न ठेवता सांगून टाकतो. या महिनाअखेरीपासून रक्तदात्यांच्या यादीचं काम मी सोडतोय. पुण्याच्या काकूंना आणि ठाण्याच्या भावाला फोनवर सांगून झालंय, पण "असं अचानक का?" हा प्रश्न इतक्यांनी विचारला की एकदाच लिहून काढलेलं बरं.

आमच्या गटाला धड नाव नाही, नोंदणी नाही, बँकेत खातं नाही. 2010 साली नाशकात सकाळी फिरायला येणाऱ्या आम्ही दहा-बारा जणांनी एका वहीत आपापला रक्तगट लिहिला, ती सुरुवात. आज त्या वहीच्या तीन वह्या झाल्यात आणि नावं आहेत साधारण साडेसहाशे. नाव, फोन, रक्तगट, वजन, राहण्याचा भाग, आणि शेवटचे दोन रकाने: "मागचं रक्तदान" आणि "पुढे कधी". गेली पंधरा वर्षं मी केलं ते काम म्हणजे हे शेवटचे दोन रकाने भरणं. बाकी सगळं लोकांनी केलं.

लोकांना वाटतं आमचं काम रक्तदाते शोधण्याचं. शोधावे लागत नाहीत हो! आपल्याकडे रक्त द्यायला माणसं उत्साहाने येतात. अडचण अशी की सगळे एकाच दिवशी येतात. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, कुणाची जयंती, कुणा साहेबांचा वाढदिवस. शिबिर होतं, मांडव पडतो, दोनशे बाटल्या जमतात (पिशवी येऊन जमाना झाला तरी आपण बाटलीच म्हणतो), फोटो निघतात. आता 26 जानेवारीला काढलेल्या पिशवीतल्या लाल पेशी 35 दिवस टिकतात, त्यात विशिष्ट द्रावण घातलेलं असेल तर 42 दिवस. म्हणजे फार तर 9 मार्च. त्यातल्या प्लेटलेट्स तर पाचच दिवस. आणि ज्याने त्या दिवशी रक्त दिलं, त्याला पुरुष असेल तर 90 दिवस थांबावं लागतं आणि स्त्री असेल तर 120. म्हणजे 26 एप्रिलपर्यंत तो पुरुष माझ्या उपयोगाचा नाही, बाई तर मेच्या शेवटापर्यंत नाही. मग मे उजाडतो. कॉलेजं बंद, लोक गावी किंवा लग्नांत, आणि रक्तपेढीत फ्रीज रिकामा.

म्हणून माझं निम्मं काम म्हणजे "आज देऊ नका" असं सांगणं. जानेवारीत मी यादीतल्या निम्म्या लोकांना फोन करायचो, की शिबिरात जाऊ नका, तुमची मला एप्रिल-मेमध्ये गरज आहे. पहिल्या वर्षी एका गृहस्थांनी मला चांगलंच सुनावलं, की राष्ट्रीय सणाला रक्तदान करू नका म्हणणारे तुम्ही कोण? त्यांना तारखा मांडून दाखवल्या तेव्हा शांत झाले. नंतर दरवर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात तेच न सांगता जायचे.

हे हट्टाने का करायचं, ते एका मुलीवरून सांगतो. तिचं नाव लिहीत नाही. 2012 साली ती चार वर्षांची होती तेव्हा तिची आई आमच्याकडे आली. थॅलेसेमिया. या आजारात शरीर स्वतःचं हिमोग्लोबिन नीट बनवत नाही, त्यामुळे बाहेरून रक्त द्यावं लागतं, आणि ते एकदा नाही तर दर दोन ते चार आठवड्यांनी, आयुष्यभर. हिमोग्लोबिन साधारण नऊ-साडेनऊच्या खाली जाऊ द्यायचं नाही. गेलं की मूल पेंगतं, खेळत नाही, हळूहळू वाढ खुंटते. तिची पाळी दर 21 दिवसांनी. वर्षाला सतरा-अठरा वेळा. लहान होती तोवर एका वेळी एक पिशवी पुरायची, आता ती सतरा वर्षांची आहे आणि दोन लागतात. म्हणजे वर्षाला पस्तीस.

आणि तिचा गट बी निगेटिव्ह. आपल्याकडे निगेटिव्ह माणसं मुळात शंभरात पाचच्या आसपास, त्यातले बी त्याहून थोडे. आमच्या साडेसहाशेत अकरा. तिला ओ निगेटिव्हही चालतं, ते नऊ आहेत, पण ओ निगेटिव्ह माणूस म्हणजे अपघाताच्या रात्रीसाठी राखून ठेवायचा, कारण त्याच्या लाल पेशी कुणालाही चालतात. कागदावर एक पुरुष वर्षातून चारदा देऊ शकतो, म्हणजे नऊ जणांत तिचं वर्ष निघायला हवं. प्रत्यक्षात कुणाला सर्दी-ताप असतो, कुणी अँटिबायोटिक्सवर असतो, कुणाची बदली होते, कुणाचं हिमोग्लोबिन 12.5 भरत नाही म्हणून दारातून परत पाठवतात. माणूस खात्रीने वर्षातून दोनदा येतो असं धरायचं. उरलेलं रक्तपेढीच्या साठ्यातून. तेव्हा त्या अकरांपैकी पाच जण एका शिबिरात एकाच दिवशी देऊन आले तर त्या घराचे पुढचे तीन महिने कसे जातील, याचा विचार करा.

शिवाय पिशवी आज दिली आणि आज चढवली असं होत नाही. एचआयव्ही, दोन्ही प्रकारची कावीळ, गुप्तरोग आणि मलेरियाच्या चाचण्या व्हायच्या, पेशी वेगळ्या व्हायच्या, मग तिच्या नमुन्याशी जुळवून बघायचं. म्हणून माणूस पाळीच्या दोन दिवस आधी पाठवायचा. वहीत तिचं वेगळं पान आहे. त्यावर पाळीच्या तारखा आणि त्यापुढे कोण, आणि तो आला नाही तर कोण, अशी दोन नावं. दुसरं नाव लिहिल्याशिवाय मी पान मिटत नाही.

आता फोनचं. रात्री अकरानंतर येणारे बहुतेक फोन खरे असतात, पण माहिती अर्धवट असते. "काका, अर्जंट रक्त पाहिजे." कुठला गट? "कुठलाही चालेल म्हणाले." कुठलाही चालेल म्हणजे बहुतेक वेळा रक्त मिळालेलं आहे आणि पेढी त्याच्या बदल्यात माणूस मागतेय. तशी सक्ती करू नये असं धोरण आहे, पण मागतात. तो माणूस उद्या सकाळी गेला तरी चालतो, त्यासाठी रात्री कुणाला उठवायचं नाही. म्हणून मी चारच गोष्टी विचारायचो: डॉक्टरांची चिठ्ठी हातात आहे का, त्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवा, पेशंटच्या रक्ताचा नमुना पेढीत पोचला का, आणि पेढीने साठा नाही असं सांगितलं का. नमुना गेला नसेल तर दहा दाते उभे करूनही उपयोग नाही. मोबाईलवर फिरणाऱ्या निरोपांबद्दल तर बोलायलाच नको. एक निरोप मला सलग तीन वर्षं येत होता. त्यातला पेशंट कधीच बरा होऊन घरी गेला होता आणि त्याचे वडील बिचारे नंबर बदलून मोकळे झाले होते. ज्या निरोपात तारीख नाही तो पुढे पाठवू नका, एवढं तरी माझ्यासाठी करा.

डेंग्यूच्या दिवसांत, म्हणजे पावसाळा सरता सरता, प्लेटलेट्सचे फोन. घरचे ऐंशी हजार आकडा ऐकून घाबरलेले असतात. साधारणपणे दहा हजारांच्या खाली गेल्यावर किंवा रक्तस्राव होत असल्यावर प्लेटलेट्स चढवतात. पण ते ठरवणारा मी कोण? मी एवढंच विचारायचो, डॉक्टरांनी लिहून दिलंय का? लिहिलं असेल तर पुढे. मशीनवर एका दात्याच्या प्लेटलेट्स काढायच्या तर तास-दीड तास जातो, आधी त्याच्या शिरा बघतात, त्याचा स्वतःचा आकडा दीड लाखाच्या वर लागतो, आणि तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली चालत नाही. त्या वेळात दात्याच्या ओठांना मुंग्या येतात, कॅल्शियमची गोळी देतात. नवा माणूस मुंग्यांनी घाबरतो, म्हणून हे फोनवर आधीच सांगायचं. सांगितलं नाही तर तो पुन्हा येत नाही.

असो. सोडतोय का, ते राहिलंच.

एक कारण सरळ आहे. मला 65 पूर्ण झाली आणि आता मला रक्त देता येत नाही. जो स्वतः देऊ शकत नाही त्याने रात्री दोन वाजता दुसऱ्याला उठवू नये, असा माझा जुना नियम. नियम माझा एकट्याचाच, गटातल्या कुणालाही तो पटत नाही. बायको म्हणते, बहाणा छान शोधलात. तिचंही खरं. पंधरा वर्षं जेवणाच्या ताटाशेजारी फोन ठेवून जेवलो, आता नुसतं जेवावंसं वाटतंय.

दुसरं कारण मतभेदाचं. गटातल्या तरुण मंडळींना येत्या 26 जानेवारीला मोठं शिबिर घ्यायचंय. पाचशे पिशव्या, टी-शर्ट, पाहुणे. मी म्हटलं, त्याऐवजी दर महिन्याला चाळीस-चाळीस करा. बैठक झाली, हात वर झाले, माझ्या बाजूने तिघे. त्यांचंही म्हणणं अगदीच फोल नाही: नवी माणसं शिबिरातच मिळतात, वहीतून नाही. मला ते कळतं, पण पटत नाही, आणि न पटणाऱ्या कामाला नुसतं नाव देणं जमत नाही. भांडण नाही. शिबिराच्या दिवशी चहा द्यायला मी जाणार आहे.

वह्या आता तिघांकडे असतील. औषधाच्या दुकानातली ताई, कॉलेजात शिकवणारे एक सर, आणि रिक्षा चालवणारा एक दादा, ज्याला गावातली प्रत्येक रक्तपेढी कुठल्या दाराने उघडते हे माझ्याहून चांगलं माहीत आहे. मी एक अट घातली आणि ती त्यांनी मान्य केली: निगेटिव्ह गटाच्या एकाही माणसाला शिबिरात बोलवायचं नाही. तेवढं लिहून घेतलं.

त्या मुलीच्या आईला सांगायला मी घरी गेलो होतो. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे आता फोन कुणाला करायचा, दादा?" ताईंचा नंबर तिच्या कॅलेंडरवर माझ्याच हाताने लिहून आलो. मुलगी बारावीचं पुस्तक घेऊन बसली होती, तिने मान वर करून विचारलं, परीक्षेच्या आठवड्यात पाळी आली तर ती दोन दिवस आधी घेता येईल का? म्हटलं, डॉक्टरांना विचार, माणसं तयार असतील.

ताई, हे तुमच्यासाठी: तिच्या पानावर पुढच्या पाळीसमोर मी दोन नावं लिहून ठेवली आहेत. पहिला कंपनीत रात्रपाळी करतो, त्याला दुपारी चारच्या आधी फोन करू नका. दुसऱ्याचे 90 दिवस आदल्या रविवारी पूर्ण होतात, त्याच्याशी बोलणं झालंय. त्यानंतरच्या पाळीचं पान कोरं आहे.